मॅकबेथचा गुन्हेगार कोण?

‘शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये महत्त्वाकांक्षा हा विषय आहे’ या वाक्यावर निबंध उभा राहत नाही, कारण ते कोणी नाकारणारच नाही. प्रतिपाद्य विधानाशी वाद घालता आला पाहिजे. उदाहरणार्थ: ‘खुनाला चेटकिणी नव्हे, मॅकबेथ स्वतः जबाबदार आहे.’ पुरावाही भक्कम आहे. चेटकिणी राजपदाचे भाकीत करतात, खून करायला सांगत नाहीत. शिवाय बँकोही भाकीत ऐकतो, पण हत्यार उचलत नाही.

आता विरोधकाचा सर्वांत बळकट मुद्दा स्वतःच शोधायचा. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात मॅकबेथ खुनाचा बेत सोडतो आणि पत्नी त्याला पुन्हा तयार करते. मग तो एकटा जबाबदार कसा? विद्यार्थी हा प्रवेश बहुधा टाळतात. माझ्या मते निबंध तिथेच कच्चा राहतो. तिसऱ्या अंकात मात्र बँकोच्या खुनाची योजना तो पत्नीपासूनही लपवतो. दोन्ही प्रसंग सामावून घेताना विधान बदलते: ‘पहिल्या खुनासाठी मॅकबेथला दुसऱ्याची चिथावणी लागते, त्यानंतर ती लागत नाही, आणि त्याचा ऱ्हास याच बदलात दिसतो.’ आता प्रत्येक परिच्छेदाला सिद्ध करण्यासारखे काही मिळाले.