जुन्या मॅचला पुन्हा लिहिताना

डेटिंग ॲपवरचं बोलणं भांडणाने क्वचितच संपतं. दहा-बारा दिवस छान गप्पा होतात, मग कुणाची परीक्षा येते, कुणाची नोकरी बदलते, कुणाच्या घरी आजारपण निघतं आणि एका प्रश्नाचं उत्तर राहून जातं. आठवडा उलटला की उत्तर द्यायची लाज वाटू लागते. महिना उलटला की लाजेपोटी ॲपच उघडलं जात नाही. पाच-सहा महिन्यांनी यादीत ते नाव पुन्हा दिसतं आणि प्रश्न पडतो, आता लिहावं का? लिहायचं तर काय?

आधी हे पाहावं की दार उघडं आहे का. टिंडर, बम्बल, हिंज या तिन्ही ॲपवर समोरच्याने मॅच काढून टाकली, तर ती व्यक्ती आपल्या यादीतून जाते. हिंजवर बरेच दिवस न बोललेल्या मॅच यादीच्या खालच्या भागात सरकतात, म्हणून तिथे थोडं शोधावं लागतं. नाव गेलेलं असेल तर विषय तिथेच संपला. त्या व्यक्तीला इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर शोधून लिहू नये. तिने एक दार बंद केलं आहे, दुसऱ्या दाराने आत शिरणं म्हणजे तिचा नकार न मानणं.

नाव असेल तर जुनं संभाषण वरपासून वाचावं. शेवटचा संदेश कुणाचा आहे, हे सगळ्यांत महत्त्वाचं. शेवटचा प्रश्न समोरच्याने विचारलेला असेल आणि गप्प आपण झालो असू, तर पुन्हा लिहिण्याचा मान आणि जबाबदारी दोन्ही आपल्याकडे येतात. शेवटचे दोन-तीन संदेश आपलेच असतील आणि तिकडून काही आलं नसेल, तर गप्प बसणं हेच त्यांचं उत्तर होतं असं समजावं. पुढचं सगळं पहिल्या परिस्थितीसाठी आहे.

पुण्यातल्या एका तरुणीचं उदाहरण कल्पून पाहू. सप्टेंबरमध्ये ठाण्याच्या एका मुलाशी तिची मॅच झाली. दोघांनाही गडांचं वेड. राजगड पाली दरवाज्याने चढावा की गुंजवण्यातून चोरदरवाज्याने, यावर दोन दिवस वाद रंगला. पालीची वाट पायऱ्यांची आणि सोपी, चोरदरवाज्याची खड्या चढाची. त्याचं म्हणणं होतं की तिने आधी पालीनेच जावं. त्याने शेवटी विचारलं, ‘मग कधी जातेयस?’ त्याच आठवड्यात तिला नवी नोकरी लागली आणि उत्तर राहिलं. आता मार्च उजाडला आहे.

तिचा पहिला मसुदा एका शब्दाचा, ‘हाय’. यातली अडचण अशी की सहा महिन्यांत त्याच्या यादीत कितीतरी नावं आली-गेली असतील. ही कोण, काय बोलणं झालं होतं, हे आठवायचं ओझं त्याच्यावर पडतं. दुसरा मसुदा, ‘विसरलास ना मला?’ गप्प ती झाली होती आणि दोष त्याच्या माथी आला. तिसरा मसुदा पंधरा ओळींचा, त्यात ऑफिसचा ताण, घरची धावपळ, चार वेळा माफी. तो वाचून त्याला वाटणार की आता आपणच हिची समजूत काढायची. ज्याच्याशी जेमतेम दोन आठवडे बोलणं झालं, त्याच्याकडून एवढी अपेक्षा करणं जड होतं.

चौथा मसुदा असा:

‘हाय! सप्टेंबरमध्ये राजगडाच्या वाटेवरून आपला वाद चालला होता आणि मध्येच मी गायब झाले. नवी नोकरी लागली, त्यात उत्तर राहिलं आणि मग लिहायला संकोच वाटला. सॉरी. परवा चोरदरवाज्यानेच गेले. पाय अजून दुखतायत, तुझं बरोबर होतं. तुझ्याशी बोलायला मजा आली होती म्हणून लिहिलं. आता बोलायचं नसेल तर तेही अगदी ठीक आहे.’

यात पहिल्याच वाक्यात ओळख पटते आणि गप्प कोण झालं तेही कळतं. खरं कारण एका वाक्यात येतं. ‘लिहायला संकोच वाटला’ ही कबुली मोलाची आहे, कारण नोकरीने सहा महिने कुणी गप्प होत नाही, हे त्यालाही कळतं. माफी एकदाच आहे. हलकेपणा राजगडामुळे आला आहे, तो दोघांचा स्वतःचा विषय आहे, कुठून उचललेला विनोद नाही. भेटायचं आमंत्रण नाही. शेवटच्या वाक्याने त्याला नाही म्हणायची मोकळीक मिळते.

या मधल्या काळात ती दुसऱ्या कुणाला भेटत असेल तर? पहिल्या संदेशात ते सांगायलाच हवं असं नाही, पण खोटं कारण देऊ नये. ‘फोन बिघडला होता’ हे सहा महिन्यांसाठी कुणालाच पटत नाही. पुढे त्याने विचारलं तर ‘मधे एकाला भेटत होते, ते पुढे गेलं नाही’ एवढं सरळ सांगावं.

अनेकांचे हात संकोचापाशीच अडतात. 2022 साली पिट्सबर्ग विद्यापीठाच्या पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांमधून दाखवलं की आपण आठवण ठेवून संपर्क केला तर समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज आपण कमीच बांधतो. संपर्क जितका अनपेक्षित, तितकं त्याचं मोल समोरच्याला अधिक वाटतं. 2024 मध्ये लारा ॲकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांच्या अभ्यासात, जुन्या मित्राशी बोलायची इच्छा असून, पत्ता हाताशी असून आणि वेळ मिळूनही एकतृतीयांशाहून कमी लोकांनी प्रत्यक्ष संदेश धाडला. आधी काही मिनिटं सध्याच्या मित्रांना संदेश लिहिलेल्यांनी मात्र अधिक प्रमाणात धाडला. अर्थात हे अभ्यास मित्र आणि परिचितांविषयीचे आहेत. डेटिंग ॲपवरची ओळख त्याहून पातळ असते, म्हणून उत्तराची खात्री त्यांतून काढू नये.

संदेश संध्याकाळी, माणूस मोकळा असतो तेव्हा पाठवावा. रात्री बाराला आलेल्या ओळीचा अर्थ वेगळाच लागतो. उत्तर आलं आणि त्यात उलट प्रश्न असेल, तर गप्पा पुन्हा सुरू झाल्या. नुसतं ‘अरे वा, छान’ आलं आणि आपल्या पुढच्या प्रश्नालाही तसंच तुटक उत्तर आलं, तर तो सभ्य नकार समजून थांबावं. काहीच आलं नाही, तर दुसरा संदेश लिहू नये. ‘उत्तर दिलं नाहीस तरी चालेल’ असं सुचवून चार दिवसांनी ‘वाचलंस का?’ विचारलं, की आधीचं सगळं खोटं ठरतं.

गप्पा जमल्या तरी भेटण्याआधी एक व्हिडिओ कॉल करावा आणि पहिली भेट लोकांची ये-जा असलेल्या ठिकाणी ठेवावी. सहा महिन्यांत माणसाची परिस्थिती बदललेली असू शकते, आणि खातं दुसऱ्याच कुणाच्या हाती गेलेलं असण्याचीही शक्यता असते. बोलणं पैशांकडे किंवा गुंतवणुकीकडे वळलं, तर ते तिथेच तोडावं.

तेव्हा यादीत असं एखादं नाव असेल आणि त्याचा शेवटचा प्रश्न तुमच्या उत्तराची वाट पाहत थांबला असेल, तर चार-पाच खऱ्या ओळी लिहा, एकदाच पाठवा, आणि पुढचा निर्णय समोरच्यावर सोडा.