ऑप्शन चेन फिल्टर: ओआय आधी बघा, मग बिड-आस्कमधलं अंतर

पोशेऱ्याला घरी असलो की मीही एनएसईची ऑप्शन चेन मोबाइलवरच बघतो. स्ट्राइक भरपूर दिसतात, पण सगळ्यांत खरेदीदार-विक्रेते नसतात. म्हणून मी दोन फिल्टर लावतो.

पहिला `OI`. कमी ओआयचे स्ट्राइक आधीच गाळा. पण ओआय म्हणजे उघडे असलेले सौदे. आत्ता समोर कोणी उभं आहे का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी दुसरा फिल्टर:

```
(ASK - BID) / ((ASK + BID) / 2)
```

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २४,५०० चा कॉल ११९/१२१ ला आहे, तो घ्यायचाय. २४,६५० चा ५८/६६ ला आहे, तो विकायचाय. मधल्या भावांनी स्प्रेड १२० − ६२ = ५८ रुपयांना पडायला हवा. मार्केट ऑर्डर टाकली तर १२१ − ५८ = ६३ जातात. म्हणजे युनिटमागे ५ रुपये जास्त.

२४,६५० ची रुंदी जवळपास १३% आहे, म्हणून तो गाळला. शेजारचा २४,७०० चा ४७.५/४८.५ ला आहे, रुंदी साधारण २%. आता मधला भाव ७२, प्रत्यक्षात ७३.५. जादा फक्त दीड रुपया. स्प्रेड मात्र ५० पॉइंटने रुंद झाला, हे विसरू नका.

तरीही लिमिट ऑर्डरच टाका. एक लेग भरला आणि दुसरा अडकला, तर तुमच्या हातात स्प्रेड नसतो.