जाहिरात दोन हजारांची, डॅशबोर्डवर सहा हजार

घरून दिवाळीचा फराळ विकणारी एखादी बाई दोन गुगल शीट ठेवते, असं समजा. एकात तारीख आणि जाहिरातीचा खर्च, दुसऱ्यात तारीख, ऑर्डर क्रमांक आणि रक्कम. सोमवारी जाहिरातीवर २००० रुपये गेले आणि ६००, ९०० व १५०० अशा तीन ऑर्डरी आल्या. मंगळवारी जाहिरात नव्हती, तरी १२०० ची एक ऑर्डर आली. म्हणजे खर्च २०००, विक्री ४२००.

लुकर स्टुडिओ या गुगलच्या मोफत साधनात तिने ही शीट तारखेवर जोडली, म्हणजेच ब्लेंड केली. खर्चाचा तक्ता डावीकडे, ऑर्डरींचा उजवीकडे, जोडणी लेफ्ट आउटर. डॅशबोर्डवर आलं : खर्च ६०००, विक्री ३०००. चांगला चाललेला धंदा तोट्यात दिसू लागला, आणि पडद्यावर चुकीची एकही सूचना नाही. म्हणूनच ही चूक मला फार घातक वाटते.

खर्च तिप्पट झाला तो ऑर्डर क्रमांकामुळे. ब्लेंड करताना तिने उजव्या तक्त्यात तोही घेतला होता. त्यामुळे सोमवारच्या तीन रांगा तयार झाल्या, खर्चाची एकच रांग तिघींना जोडली गेली आणि २००० तीनदा मोजले गेले. पुष्कळ जण इथे बेरजेऐवजी सरासरी लावतात. एका दिवसापुरता आकडा बरोबर येतो, पण महिन्याचा एकूण खर्च काही सरासरीने मिळत नाही. खरा उपाय म्हणजे ब्लेंडमधून ऑर्डर क्रमांक काढणं. उजवीकडे फक्त तारीख आणि रकमेची बेरीज ठेवली, की आधी दिवसाची एक रांग होते आणि मगच जोडणी होते.

मंगळवारचे १२०० गळाले ते लेफ्ट आउटरमुळे. ही जोडणी डावीकडच्या सगळ्या रांगा ठेवते. उजवीकडच्या रांगेला डावीकडे जोडीदार नसेल, तर ती सोडून देते. तक्त्यांची अदलाबदल केली, तर जाहिरात असूनही ऑर्डर न आलेले दिवस गळतील. इथे फुल आउटर हवं. मात्र त्यात मंगळवारची खर्चाकडची तारीख रिकामी येते. दोन्ही तारखांना वेगळी नावं दिली असतील, तर चार्टमध्ये हे सूत्र लिहून एकच तारीख मिळवता येते :

```
COALESCE(AdDate, OrderDate)
```

जोडणी तारखेऐवजी गावाच्या नावावर असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘सातारा’ आणि शेवटी एक जागा सुटलेलं ‘सातारा ’ डोळ्यांना सारखंच दिसतं, पण त्यांची जोडी जुळत नाही. ब्लेंड करण्याआधीच मूळ स्रोतात TRIM वापरून ती जागा काढावी.

चूक पकडण्यासाठी मूळ शीटवरून खर्च आणि विक्रीची दोन स्कोअरकार्ड बनवावीत आणि शेजारी ब्लेंडवरची तीच दोन ठेवावीत. चौघांना तारखांची मर्यादा एकच हवी. ब्लेंडचा आकडा फुगला असेल, तर जादा रकाना शोधावा. घटला असेल, तर जोडणीचा प्रकार आणि न जुळलेली नावं तपासावीत. आपल्या उदाहरणात दोन्ही चुका एकाच वेळी होत्या, म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे पडताळणं भाग आहे.