नोव्ह्योस नव्हे, नोब्योस!

मेक्सिकोतल्या मित्राच्या लग्नात दोन वाक्यं स्पॅनिशमध्ये वाचायची आहेत, असं समजू. शुभेच्छा अशी: ‘केरीदोस आमीगोस, के सेआन मुय फेलीसेस इ के नुंका लेस फाल्ते ला रीसा.’ म्हणजे, प्रिय मित्रांनो, खूप सुखी राहा आणि तुमच्या घरी हसू कधी कमी पडू नये.

मराठी जिभेला यातलं बरंचसं आयतं जमतं. स्पॅनिश ‘त’ दंत्यच आहे आणि ‘क’, ‘त’ उच्चारताना जादा हवा सुटत नाही. ‘फेलीसेस’मधला फ मात्र ‘फळ’चा नाही, ‘फोन’चा, खालचा ओठ वरच्या दातांना लागतो.

खरी अडचण ‘केरीदोस’मधल्या ‘द’ची आणि ‘आमीगोस’मधल्या ‘ग’ची. मराठीत ‘द’ म्हणताना जीभ दातांवर टेकून हवा क्षणभर पूर्ण अडवते. स्पॅनिशमध्ये ‘द’ किंवा ‘ग’ दोन स्वरांमध्ये आला, की जीभ जवळ जाते पण वाट बंद करत नाही, आणि हवा वाहत राहते. हे जमलं का, ते तपासता येतं. तो ‘द’ श्वास असेपर्यंत लांबवून पाहा. अडवलेला ‘द’ लांबवता येत नाही, सैल ‘द’ लांबतो.

‘ब’चंही तसंच. लिपीत तिथे कधी ‘बी’ असतो, कधी ‘व्ही’; उच्चार दोन्हींचा एकच. म्हणून दातांनी ओठ दाबून ‘व्ह’ म्हणू नये.

आता ‘र’. ‘केरीदोस’मधला र आपल्या ‘वारा’सारखा, जिभेचा एकच हलका फटका. ‘रीसा’मधला र शब्दाच्या सुरुवातीला असल्याने थरथरता. ही थरथर स्नायूंनी होत नाही. जिभेचं टोक हिरड्यांजवळ सैल ठेवलं, की मागून येणारी हवा त्याला ढकलून उघडते, ते पुन्हा मिटतं, आणि हे दोन-तीनदा होतं. जीभ ताठ केली की थरथर थांबते. ती न जमण्याचं नेहमीचं कारण हेच. तरीही साध्या ‘र’ने ‘रीसा’ म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कळतं, कारण दोन ‘र’मुळे अर्थ बदलतो तो फक्त स्वरांच्या मध्ये: ‘कारो’ म्हणजे महाग, ‘कार्रो’ म्हणजे गाडी. माझ्या मते ‘र’पेक्षा आघाताची तयारी आधी करावी. ‘पापा’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर दिला तर बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा. आपल्या शुभेच्छेत जोर के-री-दोस, आ-मी-गोस, फे-ली-सेस असा मधल्या अक्षरावर येतो.

शेवटी ‘बीबान लोस नोब्योस!’ म्हणजे ‘नवरा-नवरी चिरायू होवोत!’ असं मोठ्याने म्हणता येईल. यातला पहिला ब विरामानंतर येतो, म्हणून ओठ पूर्ण मिटावेत. पुढचे दोन्ही ब सैल सोडावेत. त्यावर पाहुण्यांकडून एका सुरात उत्तर येतं, ‘बीबान!’