कमिशनशिवाय ऑर्डर: छोट्या हॉटेलसाठी मेनू पेज आणि व्हॉट्सअ‍ॅप लिंक

माझ्या मामांचं छोटं मिसळीचं हॉटेल आहे. डिलिव्हरी अ‍ॅपवरून ऑर्डर भरपूर येतात, पण हातात किती उरतं? समजा बिल 200 रुपये आणि कमिशन 25 टक्के. म्हणजे 50 रुपये गेले. त्या 50 वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 9 रुपये. उरले 141. तीच ऑर्डर थेट आली आणि पोचवणाऱ्या मुलाला 30 रुपये दिले, तरी 170 उरतात.

म्हणून मी त्यांना एक साधं मेनू पेज बनवून दिलं. त्यात पदार्थ, दर आणि प्रत्येकापुढे प्लस-मायनस बटण आहे. असं पेज साध्या स्टॅटिक होस्टिंगवर ठेवता येतं. सर्व्हर किंवा डेटाबेस लागत नाही, कारण ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. खरं काम करणारा कोड एवढाच:

```
const msg = "मिसळ x 2 = 160\nताक x 2 = 40\nएकूण: 200\nपत्ता: ";
location.href = "https://wa.me/91XXXXXXXXXX?text="
  + encodeURIComponent(msg);
```

नंबर देशाच्या कोडसह लिहा, पण आधी + किंवा 0 नको. `encodeURIComponent` विसरू नका. ते नसेल आणि पदार्थाच्या नावात & असेल, तर मेसेज तिथेच तुटतो. ऑर्डर अर्धवट दिसली की आधी हेच तपासा.

आता महत्त्वाची गोष्ट. ही लिंक मेसेज पाठवत नाही, फक्त ग्राहकाच्या चॅटमध्ये टाइप करून ठेवते. याचे दोन परिणाम होतात. एक, ग्राहकाने सेंड दाबलंच नाही तर तो घरी वाट बघत बसतो आणि हॉटेलला पत्ताच नसतो. म्हणून बटणाखाली ठळक लिहा: ‘व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेंड दाबल्यावरच ऑर्डर पोचेल. आमचं उत्तर आलं की ती पक्की.’ दुसरा, पाठवण्याआधी ग्राहक मेसेज बदलू शकतो. 200 चे 150 करणं सहज शक्य आहे. त्यामुळे मामा बेरीज स्वतः करतात आणि मगच ‘ओके, 200 रुपये’ असं उत्तर देतात.

पैशांचंही तसंच. यूपीआयचा स्क्रीनशॉट खोटा बनवता येतो. पैसे खात्यात आल्याचं आपल्या अ‍ॅपमध्ये दिसलं किंवा साउंडबॉक्स बोलला, तरच पार्सल द्यायचं.

हे पेज नवीन ग्राहक शोधून देत नाही, ते काम अजूनही अ‍ॅपच करतं. त्यामुळे मामांनी अ‍ॅप बंद केलेलं नाही. पेजचा क्यूआर कोड काउंटरवर आणि बिलावर लावलाय. जवळपासचे, नेहमीचे लोक तोच स्कॅन करतात. दोन-तीन किलोमीटरच्या पुढची ऑर्डर मात्र आम्ही घेत नाही. तेवढ्या लांब जाऊन येईपर्यंत मुलगा अडकतो आणि मागच्या ऑर्डरी थंड होतात.