पैसे पाण्यात कधी घालावेत?

सेंट्रिफ्यूगल पंपाचा बंद इम्पेलर हातात घेऊन पाहा. खाली एक तबकडी, वर मध्यभागी मोठे भोक असलेली दुसरी तबकडी आणि दोहोंच्या मध्ये वळत गेलेली पाती. पाणी मधल्या तोंडातून शिरते, पात्यांमधल्या वाकड्या वाटांनी फेकले जाते आणि कडेच्या फटींतून बाहेर पडते. कोल्हापूर भागातल्या फाउंड्रीत हा भाग ओतताना त्या वाटांच्या आकाराचा वाळूचा कोअर साच्यात बसवतात. धातू थंड झाला की वाळू फोडून, झटकून काढायची. आतली पोकळी उरते.

थ्रीडी प्रिंटरवर हाच इम्पेलर नमुना म्हणून प्लास्टिकमध्ये काढायचा झाला तर अडचण तीच येते. यंत्र खालून वर थर रचत जाते आणि वरची तबकडी हवेत रचता येत नाही. सहा पाती आणि 120 मिलिमीटर व्यास धरला तर बाहेरच्या कडेला दोन पात्यांमधले अंतर सुमारे 63 मिलिमीटर होते. एवढी तिरकी, वळणदार फट वितळलेला धागा ताणून ओलांडता येत नाही. म्हणून पात्यांमधल्या पोकळीत सपोर्ट, म्हणजे तात्पुरता आधार, छापावाच लागतो. तो छापणे सोपे आहे, पण नंतर काढायचा कसा? वाट तोंडाशी 14 मिलिमीटर उंच आणि कडेला फक्त 8. आतला आधार बाहेरच्या बाजूला ओढला तर उंची कमी पडते, आत ओढला तर रुंदी. शिवाय पाती वळलेली, त्यामुळे पक्कडही पोहोचत नाही.

विरघळणारा आधार अशा जागेसाठी आहे. दोन नोझलच्या प्रिंटरमध्ये एका नोझलमधून पीएलए निघते आणि दुसऱ्यातून पीव्हीए, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. कपडे धुण्याच्या द्रव साबणाच्या कॅप्सूलचे पाण्यात नाहीसे होणारे आवरण याच जातीच्या प्लास्टिकचे असते. प्रिंट झाला की वस्तू पाण्यात ठेवायची. आधार विरघळून जातो, पीएलए तसेच राहते.

दुसरा फायदा कमी बोलला जातो. साधा आधार वस्तूच्याच प्लास्टिकचा असतो. तो तोडून काढता यावा म्हणून आधार आणि वस्तू यांच्यात साधारण एका थराची, 0.2 मिलिमीटरची, फट ठेवतात. त्या फटीवर वरचा थर लोंबतो आणि वस्तूची खालची बाजू खरखरीत होते. पीव्हीए पाण्यात जाणारच असल्याने फट ठेवण्याचे कारण उरत नाही. प्रुसास्लायसरमध्ये `Top contact Z distance` शून्यावर ठेवले की थर थेट आधारावर बसतो आणि खालची बाजू जवळपास वरच्या बाजूइतकी नितळ येते. पाण्याची वाट असलेल्या भागात हा फरक महत्त्वाचा, कारण तिथे पॉलिश पेपर घालून घासताही येत नाही.

आता खर्च. रिळांचे भाव दुकानागणिक बदलतात. हिशेबापुरते पीएलए ग्रॅमला 1 रुपया आणि पीव्हीए 6 रुपये धरू. आपला इम्पेलर साधारण 100 ग्रॅम पीएलएचा, म्हणजे 100 रुपयांचा. पात्यांमधली पोकळी सुमारे 80 घनसेंटिमीटर. आधार भरीव नसतो, विरळ जाळी असते आणि फक्त वर-खाली टेकणारे थर दाट असतात. त्यामुळे पीव्हीए 30 ग्रॅमच्या आसपास लागते. पण शेजारी एक मनोराही छापावा लागतो. एक नोझल काम करत असताना दुसरे गरम अवस्थेत थांबलेले असते आणि त्यातून प्लास्टिक गळत राहते. प्रत्येक अदलाबदलीनंतर धागा पुन्हा नीट वाहू लागावा म्हणून थोडे प्लास्टिक या मनोऱ्यावर खर्ची पडते. तेही मिळवून 35 ग्रॅम, म्हणजे 210 रुपये. वस्तूपेक्षा आधार दुप्पट महाग!

तरीही इथे ते पैसे वसूल आहेत, असे माझे मत आहे. दुसरा मार्ग म्हणजे इम्पेलर दोन तुकड्यांत छापून चिकटवणे. टेबलावर ठेवून दाखवण्यापुरता नमुना हवा असेल तर तसेच करावे, फुकट काम होते. पण त्यातून पाणी वाहवून पाहायचे असेल तर सहा पात्यांच्या अरुंद कडा वरच्या तबकडीला अचूक बसवाव्या लागतात, आणि सांध्यावर राहिलेली छोटीशी पायरीही प्रवाह बिघडवते. ओतकामाचा पॅटर्न बनवण्याआधी पात्यांचा आकार तपासायचा असेल तर 210 रुपये जास्त नाहीत.

खरा खर्च पुढे आहे, तो पीव्हीएच्या स्वभावात. ज्या गुणासाठी ते घेतो, तोच त्याचा दोष. पाण्यात विरघळणारे प्लास्टिक हवेतले पाणीही शोषते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत उघडे ठेवलेले रीळ फार दिवस कामाचे राहत नाही. ओल्या धाग्याची खूण कानाला कळते: नोझलमधून चुरचुर, टपटप आवाज येतो, बारीक वाफ दिसते, थर फेसाळ येतात आणि वस्तूभर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. धागा मऊ पडला की त्याला पुढे ढकलणारे दातेरी चाक तो खरवडू लागते आणि पुरवठा बंद पडतो. उपाय म्हणजे ड्रायरमध्ये 50 अंशांच्या आसपास सहा-आठ तास वाळवणे, आणि प्रिंट चालू असतानाही रीळ बंद डब्यात ठेवून तिथूनच धागा सोडणे.

दुसरा त्रास उष्णतेचा. पीव्हीए 200 अंशांच्या आसपास छापतात. त्याहून फार तापवले किंवा गरम नोझलमध्ये नुसते पडून राहू दिले तर ते करपते आणि तपकिरी-काळा गोळा होऊन नोझल बंद करते. न करपलेले पीव्हीए पाण्यात सुटते, करपलेले सुटत नाही. म्हणून काम संपल्यावर धागा लगेच बाहेर काढून नोझलमध्ये पीएलए ढकलावे. बंद पडलेच तर गरम नोझलमध्ये पीएलए घालून, थोडे थंड होऊ देऊन, एका झटक्यात मागे ओढायचे. करपलेला कचरा त्याच्या टोकाला चिकटून येतो. अल्टिमेकरने आपल्या दोन नोझलच्या यंत्रांसाठी आधाराच्या प्लास्टिकचा बीबी नावाचा वेगळा प्रिंट कोअर ठेवला आहे, त्यामागे हीच अडचण आहे.

विरघळवण्याचे कामही झटपट नाही. इम्पेलर पाण्यात टाकून दहा-पंधरा मिनिटांनी काढावा आणि कडेचा मऊ झालेला आधार चिमट्याने ओढून घ्यावा. जेवढा हाताने निघेल तेवढे तास वाचतात. बाकीच्याला बारा ते चोवीस तास धरावेत. पाणी कोमट चालते, उकळते चालत नाही, कारण पीएलए साठ अंशांच्या सुमारास मऊ पडून वाकडे होते. 35 अंशांच्या वर जाऊ नये. स्थिर पाण्यात आधाराभोवती बुळबुळीत जेल साचते आणि विरघळणे मंदावते, म्हणून मत्स्यालयातला छोटा पंप बसवून पाणी खेळते ठेवावे आणि मधूनमधून बदलावे. आपल्या इम्पेलरच्या वाटा दोन्ही टोकांना उघड्या आहेत हे नशीब. एकाच बाजूने उघडी, खोल पोकळी असेल तर आतले पाणी हलतच नाही. अशा भागात आराखडा काढतानाच दुसरे छिद्र ठेवावे.

इम्पेलर गरम पाण्यावर चालवायचा असेल तर पीएलए बाद आणि एबीएस घ्यावे लागते. एबीएसला 100 अंशांच्या आसपास तापलेला बेड आणि बंद कपाट लागते. पीव्हीए त्याला नीट चिकटत नाही आणि तेवढी उष्णता त्याला सोसतही नाही. तिथे हिप्स येते. हे पॉलिस्टायरीनचेच जास्त चिवट रूप आहे आणि एबीएसच्याच तापमानाला छापले जाते. ते साधारण एबीएसच्याच भावात मिळते आणि पीव्हीएसारखे पाणीही पीत नाही. इथे पैसे द्रावणाला लागतात. हिप्स पाण्यात नव्हे, लिमोनिनमध्ये विरघळते. संत्र्याच्या सालीतून निघणारे हे तेल ऐकायला निरुपद्रवी वाटते, पण ते पेट घेते. त्यामुळे ते कधीही तापवू नये. खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून काम करावे. हवा लागून जुने झालेले लिमोनिन त्वचेला ॲलर्जी आणू शकते. वस्तू त्यात गरजेपेक्षा जास्त दिवस राहिली तर एबीएसही मऊ पडू लागते. वापरलेले द्रावण मोरीत ओतता येत नाही. बाहेर काढलेली वस्तू साबणाने धुवावी लागते आणि खोलीभर संत्र्याचा वास राहतो तो वेगळाच. म्हणून एबीएस छापणारे बरेच जण हिप्सचा आधार विरघळवतच नाहीत. दोन वेगळी प्लास्टिके एकमेकांना जेमतेम चिकटतात, याचाच फायदा घेऊन तो हाताने सोलून काढतात. हाताने निघत नसेल तेवढ्याच जागी लिमोनिन.

हीच युक्ती पीएलएलाही लागू होते, आणि पीव्हीए घेणाऱ्या बहुतेकांचे पैसे तिथे वाचले असते. पीएलए आणि पीईटीजी एकमेकांना फारसे धरत नाहीत. आधाराचा सांगाडा पीएलएचाच ठेवून फक्त वस्तूला टेकणारे दोन-तीन थर पीईटीजीचे छापले, फट शून्य ठेवली, तर आधार हाताने सुटतो आणि खालची बाजू नितळ येते. खर्च जवळजवळ नाहीच. मात्र दोन्हींचा धागा एकाच नोझलमधून आळीपाळीने गेला तर उरलेले पीईटीजी वस्तूत मिसळून थर कच्चे होतात. त्यामुळे दोन नोझलचा खरा उपयोग इथेच आहे. पीव्हीएही असेच फक्त टेकणाऱ्या थरांपुरते वापरता येते, पण इम्पेलरमध्ये नाही. तिथे मधला पीएलएचा सांगाडा सुटा झाला तरी आतच अडकून बसेल.

याच्या उलट गणपतीची फूटभर उंचीची मूर्ती घ्या. सोंड, हात, परशू या सगळ्यांखाली आधार लागतो. पूर्ण पीव्हीएत तो 200 ग्रॅमपर्यंत सहज जाईल, म्हणजे 1200 रुपये. पण तो सगळा बाहेरच्या बाजूला आहे, पक्कड पोहोचते, आणि पुढे मूर्तीला पॉलिश पेपर, प्रायमर आणि रंग लागणारच आहे. इथे पीव्हीए म्हणजे निव्वळ उधळपट्टी; पीईटीजीचे दोन-तीन थर पुरतात.

खरेदीआधी आपण वर्षभरात छापलेल्या वस्तू आठवून पाहा. हात न पोहोचणारी पोकळी असलेल्या वस्तू त्यात दोन-चारच असतील तर पीव्हीएसाठी यंत्र घेऊ नका, तेवढे भाग बाहेरून छापून घ्या. दर महिन्याला असे काम येत असेल तर दोन नोझलचे यंत्र घ्या, पण पीव्हीएचे रीळ अर्ध्या किलोचेच घ्या आणि त्याआधी ड्रायर घ्या.