क्लिनिंग-ग्रेडिंग मशीनचा घसारा : मशीन एक, हिशोब दोन



आज फवारणीचा नाही, हिशोबाचा मेसेज आहे. वार्षिक सभेत ताळेबंद हातात येतो आणि 'घसारा' या शब्दावर आपण पान उलटतो. राणीसावरगावच्या सभासदांनी या वेळी तिथंच थांबावं.

समजा, आपल्या कंपनीने सोयाबीन-तुरीसाठी क्लिनिंग-ग्रेडिंग मशीन घेतलं. अनुदान वजा जाता किंमत 10 लाख, वापर 1 एप्रिलपासून. कंपनी कायद्यात अशा मशीनचं आयुष्य साधारण 15 वर्षं धरतात आणि शेवटी 5 टक्के, म्हणजे 50 हजार, भंगार किंमत उरते. मधले साडेनऊ लाख 15 वर्षांत खर्ची टाकायचे. ते दोन प्रकारे टाकता येतात.

*1) स्थिर हप्ता :* 9,50,000 भागिले 15. दरवर्षी सारखेच 63,333 रु.

*2) घटती शिल्लक :* दरवर्षी उरलेल्या किमतीवर 18.10 टक्के. हा दर असा काढलेला असतो की 15 वर्षांनी बरोबर 50 हजारांच्या आसपास उरतात.

घसारा (रु.) : स्थिर / घटती
▪️ वर्ष 1 : 63,333 / 1,81,000
▪️ वर्ष 2 : 63,333 / 1,48,239
▪️ वर्ष 3 : 63,333 / 1,21,408
▪️ वर्ष 4 : 63,333 / 99,433
▪️ वर्ष 5 : 63,333 / 81,436

पाच वर्षांनी रजिस्टरला मशीनची किंमत स्थिर हप्त्याने 6,83,333 आणि घटत्या शिल्लकेने 3,68,484. सातव्या वर्षापासून चित्र उलटतं, घटत्या शिल्लकेचा घसारा 54,624 वर येतो.

आता मुद्द्याचं. पहिल्या वर्षी घसाऱ्याआधी दीड लाख उरले, तर स्थिर हप्त्याने 86,667 नफा दिसेल आणि घटत्या शिल्लकेने 31,000 तोटा. बँकेतला पैसा दोन्हीकडे तेवढाच! म्हणून तोटा वाचून लगेच घाबरू नका आणि नफा वाचून लगेच लाभांश मागू नका. आधी पद्धत विचारा.

चाळण्या, बेल्ट, बेअरिंगचा खर्च मशीन जुनं झाल्यावर वाढतो. घटत्या शिल्लकेत तेव्हा घसारा कमी झालेला असतो, त्यामुळे दोन्ही मिळून खर्चाचा भार बऱ्यापैकी सारखा राहतो. गोदामासारख्या वस्तूला, जिचा वापर दरवर्षी सारखाच होतो, स्थिर हप्ता शोभतो.

*चूक कशी ओळखाल?* स्थिर हप्त्यात आकडा बदलला, तर नवी खरेदी, विक्री किंवा आयुष्याच्या अंदाजात बदल झालाय का ते विचारा. घटत्या शिल्लकेत घसाऱ्याला वर्षाच्या सुरुवातीच्या किमतीने भागा, दर तोच यायला हवा. मशीन ऑक्टोबरात आलं असेल, तर पहिल्या वर्षी तेवढ्याच दिवसांचा घसारा.

आयकराचा हिशोब वेगळा. तिथं अशा मशीनला साधारण 15 टक्के, तोही घटत्या शिल्लकेवर. खरेदीच्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला, तर त्या वर्षी निम्मा.

सभेला येताना मागच्या वर्षीचा ताळेबंद सोबत आणा, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघू. 🙏
– आपला कृषी सल्लागार